आपला वेल्डर

अभिनंदन करायला अक्कल लागते, हे मला पन्नाशीत कळलं. तोवर मी वीजकेंद्राच्या प्रशासन विभागात बावीस वर्षं काढली होती. वाढदिवस, निवृत्ती, बढती, कोणाच्या पोराला मिळालेलं मेडिकल, सगळ्यांची अभिनंदनं माझ्याच हातची. 'मॅडम, दोन ओळी लिहून द्या ना' म्हटलं की मी लिहून देणार. हात बसला होता, आणि हात बसला की माणूस बेफिकीर होतो.

भर उन्हाळ्यात दोन नंबरचा संच बंद पडला. बॉयलरची एक नळी फुटली होती. नागपुरात पारा चढलेला, घरोघरी कूलर धडधडतायत आणि आमचा संच थंड. वरून दर तासाला फोन. अशा वेळी बॉयलर निवेपर्यंत थांबावं लागतं, मग माणसं आत शिरतात, फुटलेला तुकडा कापतात, नवा बसवतात आणि जोड देतात. त्या जोडाचं वेल्डिंग कोणीही करू शकत नाही. त्यासाठी बॉयलरची परीक्षा पास झालेला वेल्डर लागतो. आमच्याकडे असा एकच होता आणि तो आमच्याकडे नव्हताच. म्हणजे कंत्राटदाराचा होता.

दीड दिवसात त्यानं सगळे जोड दिले. आतली ऊब अजून पुरती गेलेली नव्हती. अर्धा माणूस मावेल एवढ्या जागेत, आरशात बघून मागच्या बाजूचं वेल्डिंग केलं त्यानं. मग पाण्याच्या दाबाची चाचणी झाली आणि एक थेंब गळला नाही. बुधवारी सकाळी संच सुरू झाला.

मी लगेच केंद्राच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुप म्हणजे आमच्या फोनवरचा चारशे माणसांचा बाजार. कर्मचारी, अधिकारी, कंत्राटदारांचे सुपरवायझर, सगळे त्यात. मी लिहिलं : 'दोन नंबर सुरू! टीमला कडक सलाम. आणि खास अभिनंदन आपल्या वेल्डर भाऊंचं, भट्टीत शिरून जोड दिले आणि पहिल्याच चाचणीत पास. असा माणूस आपल्याकडे आहे, याचा अभिमान!' त्याचं पूर्ण नाव घातलं, तीन पुष्पगुच्छ, दोन टाळ्या. इथं नाव लिहीत नाही, तिथं होतं. पाच मिनिटांत ग्रुप अभिनंदनानं भरून गेला आणि मी खूश होऊन चहा मागवला.

चहा यायच्या आधी कार्मिक अधिकारी आले. पुण्याचे, शांत आवाजाचे, शांत आवाजाची माणसं मला जास्त घाबरवतात.

"मॅडम, 'आपला वेल्डर' कोणाचा?"

"आपलाच ना साहेब. त्यानंच तर..."

"तो आपला नाही. कंत्राटदाराचा आहे. उद्या तो हा मेसेज घेऊन कामगार न्यायालयात उभा राहिला, की बघा, हेच मला आपला म्हणतात, तर उत्तर कोण देणार? तुम्ही? आत्ता मिटवा. आणि मुख्य कार्यालयाला मेल जाणार आहे, त्यात असलं काही नको. शनिवारी मुख्य अभियंता साहेब गेटवर अभिनंदनाची कार्डं देणार, त्यातही नको."

मी म्हटलं असतं तर चाललं असतं की साहेब, चारशे माणसांनी वाचलंय, आता मिटवून काय होणार. पण निवृत्तीला सहा वर्षं राहिलेली बाई काय म्हणणार? मी मेसेज सगळ्यांसाठी मिटवला. जिथं माझं अभिनंदन होतं, तिथं 'हा संदेश हटवला गेला' अशी ओळ उरली. खाली मात्र लोकांच्या टाळ्या तशाच, कशाला वाजवल्या ते आता कळत नव्हतं. मलाच माझी लाज वाटली.

मग मेल. मेलची भाषा म्हणजे इस्त्री केलेला शर्ट. 'महोदय, कळविण्यास आनंद होतो की, मा. मुख्य अभियंता यांच्या मार्गदर्शनाखाली संच क्र. २ च्या बॉयलर नळीतील गळती विक्रमी वेळेत दूर करण्यात आली.' करण्यात आली! कोणी केली, हे विचारायचं नाही. मार्गदर्शन करणारे साहेब दीड दिवसातला बराच वेळ बैठकांमध्ये होते, पण नाव त्यांचं पहिलं. मग उपमुख्य, मग कार्यकारी, हुद्द्याच्या क्रमानं आठ नावं आणि शेवटी 'तसेच संबंधित कंत्राटी यंत्रणा'. सलाम गेला, भट्टी गेली, माणूस गेला. माझंच लिहिलेलं, मलाच ओळखू येईना. अधिकाऱ्यांनी वाचून मान डोलावली आणि मेल रवाना झाला.

दुपारी तो आला. उंचापुरा, दोन्ही मनगटांवर ठिणग्यांचे जुने डाग. दारातच थांबला. चपला काढाव्या की नाही, अशा विचारात.

"मॅडम, मले तो मेसेज दिसला होता. सुपरवायझरनं फोटो पाठवला."

"हो भाऊ. तो... मिटवावा लागला." 'मिटवावा लागला', मेलची भाषा तोंडात आलीच.

"काहून मिटवला ते नाही विचारून राहिलो मी." तो एक पाऊल आत आला. "महिन्याअखेरी ठेका संपते. नवा ठेकेदार बाहेरचा हाय. त्याच्या माणसानं मले म्हटलं, का तुझं काम दाखव कागदावर, नाही तर आमचा वेल्डर आमच्यासोबत येते. मोबाईलचा फोटो चालत नाही म्हणते. शनिवारी साहेब कार्डं देऊन राहिले ना? त्यात माझं नाव असलं तर..."

महिनाअखेर सहा दिवसांवर होती. "लहान्याची बारावी हाय," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मला रडू आलं की राग आला ते अजून सांगता येत नाही. दोन्ही आलं.

कार्डं नागपुरातल्या नंदनवन भागात, माझ्या घराजवळच्या प्रेसवर छापायला द्यायची होती. आठ कार्डं, आठ नावं, मजकूर एकच : 'आमच्या केंद्राचे निष्ठावान कर्मचारी श्री. ... यांचे हार्दिक अभिनंदन.' नववं कार्ड या मजकुरात बसतच नव्हतं. तो 'आमच्या केंद्राचा' नव्हता आणि 'कर्मचारी' तर मुळीच नव्हता. प्रेसवाल्या काकांनी सांगितलं होतं, शुक्रवारी अकराच्या आत मजकूर द्या, नंतर प्लेट लागली की बदल नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला मी अधिकाऱ्यांसमोर बसले, हातात नवव्या कार्डाच्या मजकुराचा कागद. त्यांनी वाचलं न वाचलं करून ढकलला.

"मॅडम, मी बोललो होतो."

"बोललात साहेब. पण एक सांगा, काम पूर्ण झालं की कंत्राटदाराला आपण पूर्णत्वाचा दाखला देतो की नाही? तेव्हा तो आपला होतो का?"

"तो कंत्राटदार आहे. हा माणूस..."

"ह्या माणसाला आपला म्हणू नका. कर्मचारी म्हणू नका. निष्ठावान तर म्हणूच नका. पण वेल्डिंग त्यानं केलं, हे खोटं आहे का? खरं लिहायला कोणत्या नियमात मनाई आहे, ते दाखवा."

माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरचं टाइपिंग थांबलं. अधिकाऱ्यांनी पेन उघडला आणि माझ्या कागदावर रेघा मारायला लागले. 'आपल्या केंद्रात' गेलं. 'कुशल' राहिलं. 'अभिमान' गेलं. 'पहिल्याच चाचणीत' त्यांनी दोनदा वाचलं, चाचणीचा अहवाल मागवून बघितला आणि ठेवलं. घड्याळ दहा चाळीस दाखवत होतं. मी तिसऱ्यांदा उतरवून काढलं :

'संच क्र. २ च्या बॉयलर नळीच्या दुरुस्तीत कंत्राटदाराचे कुशल वेल्डर श्री. ... यांनी दिलेले सर्व जोड पहिल्याच चाचणीत उत्तीर्ण झाले. त्यांचे अभिनंदन.'

"'कंत्राटदाराचे' राहिलंच पाहिजे," ते म्हणाले. "तेवढं राहिलं तर सही होईल."

"राहू द्या," मी म्हटलं. मला वाटलं, मी जिंकले. दहा पंचावन्नला फोनवरून काकांना मजकूर पाठवला. उत्तर आलं, 'मिळाला. नऊ कार्डं.' तेव्हा कुठं मी खुर्चीत टेकले.

शनिवारी गेटवर साहेबांनी कार्डं दिली. त्याचं कार्ड सगळ्यात शेवटी आणि टाळ्या सगळ्यात जास्त. त्यानं ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, दोनदा घडी घातली पिशवीची. नव्या ठेकेदारानं कार्ड पाहून त्याला ठेवला. मी घरी साखर वाटली.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दारात आला.

"मॅडम, लय मोठं काम केलं तुमी माझं. लहान्याले पण दाखवलं कार्ड." मग मान खाली घालून म्हणाला, "तो म्हणे, बाबा, तुम्ही कंत्राटदाराचे? मी म्हटलं, हो गा. मग मी त्याले तो मेसेज दाखवत होतो, फोटोतला, 'आपला वेल्डर' लिहिलेला. मिटवला तेही सांगितलं. तो म्हणे, हा तर मिटवलेला हाय, हा कोणाले सांगाचा? ...मॅडम, तो परत टाकता येईल का? तेवढाच. बाकी काही नाही."

मी ग्रुप उघडला. त्या बुधवारनंतर अधिकाऱ्यांनी ग्रुपवर लिहायची सोय फक्त अ‍ॅडमिनला ठेवली होती, म्हणजे त्यांनाच. खाली टाइप करायची जागाच नव्हती. काय करू ते सुचेना, म्हणून मी तो जुना मजकूर आठवून आठवून पुन्हा लिहिला, सलाम, भट्टी, अभिमान, तीन पुष्पगुच्छ, आणि त्याच्या एकट्याच्या नंबरवर पाठवला.

समोर उभा राहूनच त्यानं वाचला. फोन खिशात ठेवला.

"हे तुमचं झालं मॅडम," तो हळूच म्हणाला. "ते साऱ्यायचं होतं."

मग शिफ्टची वेळ झाली म्हणून तो गेला. मी मात्र बराच वेळ त्या ग्रुपकडे बघत बसले. वर जुन्या तारखेला ती ओळ अजून आहे, 'हा संदेश हटवला गेला'. हटवणारी मीच होते, आणि माझं नाव कोणाला विचारावं लागत नाही, सगळ्यांच्या फोनवर त्या ओळीच्या वरच दिसतं.