मामाच्या फोनला मराठी आवाज नव्हता

भालकीच्या वाचनालयासाठी मी एक अ‍ॅप केलं होतं. महिन्याचे लेख त्यात यायचे आणि बटण दाबलं की फोन ते मराठीत वाचून दाखवायचा. माझ्या फोनवर झकास चाललं, म्हणून कौतुकानं दुबळगुंडीला मामाला दाखवायला गेले. मामाची नजर अधू झाल्यापासून त्याचं वाचन सुटलं होतं.

त्यानं आपल्या फोनवर बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. परत दाबलं.

“गप्प बसलंय गं हे,” तो म्हणाला. “कामून?”

अ‍ॅपनं मराठी आवाज मागितला की फोन अ‍ॅपला उत्तर देतो: आहे, किंवा नेटवरून उतरवून घ्यावा लागेल, किंवा ही भाषा येतच नाही. मी ते उत्तर तपासलंच नव्हतं. मामाच्या फोनमधली वाचणारी यंत्रणा फोनच्या कंपनीनंच घातलेली होती. तिला हिंदी येत होती, मराठी नाही. मराठी येणारी दुसरी यंत्रणा टाकायला फोनमध्ये जागा उरली नव्हती.

लिपी एकच, म्हणून मी तिथंच बसून लॅपटॉपवर सोय केली: मराठी नसेल तर हिंदी आवाजानं वाचावं. मला ते मनातून पटत नव्हतं. त्या आवाजानं ‘शाळा’चं ‘शाला’ केलं, आणि लेखात २५ आकडा आला तिथं ‘पच्चीस’ म्हणून पुढं गेला.

मामा हसायला लागला. “हे तर हैदराबादचा पाव्हणा मराठी बोलायलाय. आमच्या बाजारात असंच बोलणारे लई होते. कळतंय की समदं.”

“मामा, चुकीचं वाचतोय तो.”

“वाचतोय तर. मघाशी मुकाच व्हता.”

भालकीला परतल्यावर मी अ‍ॅप नीट केलं. मराठी आवाज उतरवायचा राहिला असेल तर अ‍ॅप थेट तो उतरवायच्या पानावर नेतं. भाषा येतच नसेल तर तसं स्पष्ट सांगतं आणि विचारतं, हिंदी आवाज चालेल का? हिंदी आवाजाकडं मजकूर देण्याआधी आकडे मराठी अक्षरांत लिहून देतं. पुढच्या खेपेला ‘पंचवीस’ ऐकून मामा म्हणाला, “पाव्हणा शिकला.”

पुढं मामीला नवीन फोन आला. त्यात मराठी आवाज उतरवून घेतला. स्वच्छ, मोकळा बाईचा आवाज. मामानं लक्ष देऊन ऐकलं, चांगला आहे म्हणाला, आणि आपला फोन उशाला घेऊन तोच लेख पुन्हा लावला.

“मामीचा घे की,” मी म्हटलं.

“तिला ऐकू दे तिचं. मला ह्याची सवय झाली.”

मी दोघांच्या मधे शेंगा फोडत बसले. स्वयंपाकघरातून मामीची ‘शाळा’ ऐकू येत होती, ओसरीवरून मामाची ‘शाला’, आणि मला दोन्ही गोड लागत होतं.