मी खांबावर असताना

मी सांगितलेलं गावात कुणी खरं धरत नाही. खांबावर चढलो की मला पार कर्नाटकातली जत्रा दिसते, एकदा तर तिथल्या जेवणावळीतल्या आमटीत मीठ कमी पडलेलंही वरून कळलं, असं मीच सांगत फिरलोय. लाइनमनची नोकरी, वर बोलायला कावळ्याशिवाय असतं कोण?

पण त्या दुपारी बेंबळीच्या शिवारात घडलं, त्यात भर घालायला जागाच नव्हती. सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून मी परमिट घेतलं होतं. म्हणजे काम संपवून मी ते परत करेपर्यंत लाइन बंद. मी वरच होतो. शेतकऱ्यांच्या फोनांना कंटाळून ऑपरेटरनं लाइन सोडली, म्हणजे चालू केली. तारांना अर्थिंग बांधलेलं होतं, वीज जमिनीत उतरवणारी वायर, म्हणून नुसता धडाका झाला, तिकडं लाइन ट्रिप झाली आणि मी उरलो.

रात्री मोबाइलवर त्याला लिहायला बसलो. 'हरामखोरा' इथून निघालो ते त्याच्या सात पिढ्या ओलांडून यमाच्या रेड्यापर्यंत पोचलो. बायकोला वाचून दाखवलं. ती हसली, मग पदरानं डोळे पुसले.

"ह्यो रेडा तो समद्यांना वाचून दाखवंल," ती म्हणाली. "आन सात पिढ्यांवरनं तुमच्याशी भांडंल. लाइन कुणी सोडली ते ऱ्हाईल बाजूला."

"मग काय, ओवाळू त्याला?"

"झालं तेवढं लिवा. आन काय पायजे ते."

रेडा काढला. पिढ्या एकेक करून पुसल्या. 'तुला माणसाच्या जिवाची किंमत नाही' हे वाक्य मला लई आवडलं होतं. पण त्याच्या मनातलं मला कुठं दिसत होतं? तेही गेलं. 'मी मेलो असतो' हेही पुसायला निघालो, तर तिनं माझा हात धरला.

"ते ऱ्हाऊ द्या. ती शिवी न्हाय."

उरलं ते एवढं: 'आज मी परमिट परत केलं नव्हतं. मी खांबावर असताना तुम्ही लाइन चालू केली. अर्थिंग नसतं तर मी मेलो असतो. यापुढं माझा स्वतःचा फोन येऊन परमिट परत झाल्याशिवाय लाइन सोडू नका.'

सकाळी उत्तर आलं. 'अण्णा, मला तुम्ही म्हणताय? तब्येत बरी हाय ना? शिव्या न्हाईत, ह्या टायमाला मजा न्हाय आली.' पुढं हसरा चेहरा.

पुन्हा सगळं रागानं लिहावं, तर तो आणखी हसेल. याहून थंड काय लिहायचं?

दुपारी त्याच लाइनवर काम निघालं. त्याला फोन लावला.

"बंद हाय अण्णा, चढा."

"परमिट नंबर सांगा."

त्यानं लगेच सांगितला. इतका लगेच, की परमिट नोंदायला रजिस्टर उघडल्याचंही वाटलं नाही. खरा का खोटा, मला इथून कसं कळावं? मी अर्थिंग दोन्ही बाजूंनी बांधलं, ओढून पाहिलं, आणि चढलो.