गिरधर नानांचं पाच तास तीस मिनिटं मागचं घड्याळ

बुधवार, १२ जुलै १९९५. सदतीस रुपये चाळीस पैसे. जळगावच्या एसटीडी बूथची ही पावती गिरधर नानांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

नाना मूळचे नरडाण्याचे. हवाई दलाच्या हवामान विभागात पंधरा वर्षं काढून परतले आणि जळगावच्या धावपट्टीवर रोजंदारीचे राखणदार झाले. काम काय, तर गुरं हाकलणं, झेंडा लावणं आणि विमान येणार असेल तर फोनवर वारा-ढग सांगणं. नऊ वर्षं झाली, कायम होण्याची फाईल कचेरीत फिरतच होती. घरात भिंतीवर दोन घड्याळं. एक सगळ्यांचं, दुसरं साडेपाच तास मागं. बायको सुंदरबाई जेवायला हाक मारायच्या, "तुमना घड्याळमा अजून पहाट शे, पोटमा मात्र दुपार व्हयनी!"

त्या दिवशी मंत्रिमहोदय मुंबईहून दुपारी तीनला उतरणार होते. अकरा वाजता फॅक्स आला. त्यात औरंगाबाद आणि इंदूरचे हवामानाचे अंदाज होते, आणि शेवटी कॅप्टन दस्तूर यांची ओळ : जळगावात उतरता आलं नाही तर इंदूर.

राजशिष्टाचार सांभाळणारे अव्वल कारकून बन्सीलाल भाऊसाहेब फॅक्स घेऊन जीपनं थेट धावपट्टीवर आले.

"नाना, इंदूर म्हणजे मध्य प्रदेश! परराज्यात आमच्या हारांचं काय? औरंगाबादला गाड्या, विश्रामगृह, जेवण सगळं सांगून ठेवलंय. आणि हे बघा, यातच लिहिलंय. टेम्पो, शून्य नऊ बारा, वादळी पाऊस. नऊ ते बारा! विमान तीनला. तोवर औरंगाबाद लख्ख."

"भाऊसाहेब, ही वेळ ग्रीनिचची. साडेपाच तास मिळवा. अडीच ते साडेपाच."

बन्सीलाल बोटांवर मोजत बसले. हिशेब जुळला, तो त्यांना आवडला नाही.

"पण टेम्पो म्हणजे अधूनमधून, तुम्हीच मागं सांगितलंत. एक सर जाईपर्यंत विमान वर घिरट्या घालेल."

"घिरट्यांना इंधन लागतं. एकेक सर तासभरसुद्धा टिकते. पहिलं दार बंद झालं म्हणून तर माणूस दुसऱ्या दारावर जातो. त्यालाही कडी असून कसं चालेल?"

"मग धुळे टाका. शेजारचंच आहे."

"धुळ्याचा अंदाज कोणी लिहीत नाही. आणि जळगावावर आलेला ढग धुळ्याला विचारून परत फिरत नाही."

बन्सीलाल आवाज खाली करून म्हणाले, "मी मुंबईला कळवून टाकलंय, औरंगाबाद बारानंतर स्वच्छ. कॅप्टन खात्रीसाठी तुम्हाला फोन करेल. फक्त 'हो' म्हणायचं. तुमची फाईल सोमवारी साहेबांपुढे आहे, नाना. वर कोण ठेवणार?"

धावपट्टीच्या फोनवरून बाहेरगावी लागत नव्हतं, म्हणून नाना सायकलवर बसले आणि बूथवर गेले. औरंगाबाद आणि इंदूरच्या हवामान कार्यालयांना एकेक फोन. अंदाजात दुरुस्ती निघाली आहे का? कुठंच नव्हती. इंदूर अजून चांगलं, आठ किलोमीटरवरचं दिसेल, ढग तुरळक.

साडेबाराला धावपट्टीच्या फोनवर कॅप्टन आले. बन्सीलाल कान लावून शेजारी उभे.

"तुमच्या कचेरीचं म्हणणं, औरंगाबाद बारानंतर स्वच्छ. नवा अंदाज आलाय?"

नानांच्या डोळ्यांसमोर फाईल उभी राहिली, नऊ वर्षांची, नाडी बांधलेली. ते म्हणाले, "नाही साहेब. आत्ताच विचारलं. वादळ नऊ ते बारा झुलूच आहे, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेनं. इंदूर जसंच्या तसं."

"म्हणजे मी बरोबर होतो. इंदूर लांब आहे, जास्त इंधन घेतो. तेवढ्या वजनाची तीन माणसं उतरवावी लागतील."

उतरलेल्या तिघांत भाषण लिहिणारे होते. बन्सीलाल यांनी डोक्याला हात लावला. "नाना, तुम्ही घड्याळ मागं ठेवता, आज नोकरीही मागं टाकलीत."

तीनला धावपट्टीवर काळाकुट्ट ढग बसला. विमानाचा आवाज दोनदा आला, दिसलं काहीच नाही, मग तो उत्तरेकडे गेला. सनईवाले तरीही वाजवत राहिले. थांबायला कुणी सांगितलं नव्हतं. साडेतीनला औरंगाबादेत समोरचा माणूस दिसेना. मंत्रिमहोदय तेव्हा इंदूरच्या कोरड्या धावपट्टीवर उतरत होते.

महिन्याभरानं मुंबईहून आभाराचं पत्र आलं : पर्यायी विमानतळाबाबत दाखवलेल्या दक्षतेबद्दल श्री. बन्सीलाल यांचे अभिनंदन. ते चौकटीत बसवून कचेरीत लागलं. नानांच्या फाईलवर मात्र ठरलेल्या सोमवारीच शेरा पडला होता, "कर्मचारी वरिष्ठांच्या वेळेशी सहमत नाही", आणि ती मागं गेली होती.

नानांनी बूथची पावती जोडून बिल दिलं होतं. तेही परत आलं. शेरा असा : इंदूर हे आपल्या जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, सबब खर्च अमान्य, औरंगाबादला विमान गेले नाही, सबब फोन अनावश्यक.

सदतीस रुपये चाळीस पैसे. येणे बाकी.