दोन फोटोंची गाणी

आमच्या शिवणाच्या दुकानात तिला सगळे टाचणी म्हणतात. फिटिंग घेताना ओठांत चार टाचण्या, आणि एरवीचं बोलणंही तसंच टोचरं. मी तिच्या समोर इस्त्रीच्या टेबलावर असते, म्हणून तिची चुळबुळ रोज बघते.

दुकानात कापड बेतायची म्हणून जिला कात्री म्हणायचे, ती हिची जिवाभावाची मैत्रीण. कात्रीनं दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि ते आधी मालकांना सांगितलं, मग हिला. झालं! बोलणं बंद. उरली ती फोनमधली दोघींची गाण्यांची सामाईक यादी. दोघी जे ऐकतात त्यावरून ॲप ती रोज नव्यानं जुळवतं. गाणं जिच्या आवडीचं तिचा इवलासा फोटो शेजारी, दोघींचं असेल तर दोन्ही फोटो. शिवाय आवडी किती टक्के जुळतात तेही सांगतं.

सकाळी मशीनला तेल घालायच्या आधी टाचणी यादी उघडायची. "बाईसाहेबांचा धांगडधिंगा चाललाय. मजेत दिसतेय." कात्रीच्या फोटोशेजारी रडकी गाणी आली, की हिची शिवण दिवसभर वाकडी.

"फोन कर की," मी म्हणायचे.

"मी का करू? सोडून ती गेली."

एकदा टक्के एकसष्टवरून चोपन्नवर आले. हिचा जीव टांगणीला! आपली संथ गाणी सोडून ती कात्रीचा धांगडधिंगा ऐकायला लागली. ओव्हरलॉक मशीनच्या आवाजात, कपाळाला आठ्या घालून, दिवसभर. दोन आठवड्यांत टक्के ब्याऐंशी झाले आणि तिनं मला चहा पाजला.

चौथ्या दिवशी तिचा चेहरा उतरला. "बघ ना, बहुतेक गाण्यांना दोन्ही फोटो. यातलं तिनं ऐकलेलं कुठलं, मी ऐकलेलं कुठलं? ती कशी आहे तेच कळेना."

मला रागच आला. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस. भोग आता."

दुपारी ती एका गिऱ्हाइकाच्या झग्याची किनार टाचत होती. फोन वाजला. कात्रीचं नाव बघून ती जागीच थिजली. तोंडात टाचण्या, हातात किनार. शेवटी मीच स्पीकर लावला.

"अगं, तुझी गाणी कुठं गेली?" कात्री ओरडलीच. "सकाळी ती दिसली की वाटायचं, हिचं बरं चाललंय. आता सगळी माझीच! आजारी आहेस का? फोन दुसऱ्या कुणाला दिलास? बोल ना!"

टाचणीनं एक टाचणी काढली, दुसरी काढली, तिसरी हातातून खाली पडली. चौथी तशीच ओठांत धरून ती कशीबशी म्हणाली, "गाढवे, आधी मला सांगायचं होतंस."