सहा वाजेपर्यंतच

भिंगारच्या जुन्या बाजारात करणशेठचं सोन्याचांदीचं दुकान आहे. तिथं बावीस वर्षं काउंटरला उभी राहणारी यशोधरा साळवे गिऱ्हाइकांत 'ताई' म्हणून ओळखली जाते. दागिने ती घडवत नाही, घेणाऱ्याची घालमेल मात्र तिला कळते. बाईनं डाव्या हातानं पदर सारखा केला की नको आहे, आणि उजव्या हातानं पर्स चाचपली की पाहिजे आहे पण नवऱ्याला विचारायचंय, असले तिचे हिशेब. शिवाय अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. थोरले शेठ होते तेव्हा दरवर्षी दिवाळीआधी तीनशे पोस्टकार्डं तीच लिहायची, प्रत्येकावर नाव घालून. 'सौ. फलाणाबाईंना सप्रेम नमस्कार.' आसपासच्या गावांतून लोक ते कार्ड खिशात घालून दुकानात यायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमचं पत्र आलं म्हणून आलो."

पुढं कार्डं गेली नि फोन आला. करणशेठनं दुकानाचा फोन तिच्याच हातात दिला. तिनं तीन याद्या केल्या: भिंगारची, नगरची आणि गावाकडची. एक निरोप लिहायचा, यादीला पाठवायचा, की ज्यानं ज्यानं दुकानाचा नंबर जपून ठेवलाय त्याच्या फोनवर तो जाऊन पडतो. गंमत अशी की ग्रुपसारखी सगळ्यांची नावं कुणाला दिसत नाहीत. घेणाऱ्याला वाटतं, मला एकट्यालाच लिहिलंय. यशोधरेला ही गंमत लई आवडायची. पोस्टकार्डाचाच मान, आणि हात दुखत नाही.

यंदा धनत्रयोदशीच्या आधीच्या बुधवारी सकाळी करणशेठ म्हणाला, "ताई, घडणावळीवर पंचवीस टक्के सूट, पाडव्यापर्यंत. पण घाई वाटंल असं लिवा. नुसतं 'सूट' म्हटलं तर लोक वाचतात नि झोपतात."

"लिहिते की."

काउंटरच्या टोकाला बसून तिनं लिहिलं. आधी सरळच लिहिलं होतं. मग तिला ते मिळमिळीत वाटलं. कार्डं लिहिताना यायची तशी हुक्की आली आणि शेवटी दोन वाक्यं जोडली गेली: 'तुमच्यासाठी एक जागा आठवणीनं राखून ठेवली आहे. फक्त आज, संध्याकाळी सहा वाजेपर्यंतच. आपली यशोधराताई.'

करणशेठनं वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "वा! आमच्या पुण्याच्या मेव्हण्यानं पैसे देऊन ज्याच्याकडून लिहून घेतलं, त्याला पण हे सुचलं नसतं."

"पण शेठ, पाडव्यापर्यंत आहे ना?"

"आहेच की. उद्या आलेल्याला पण देऊ. मग खोटं कुठं झालं? कुणाचं नुकसान तर न्हाई."

तिलाही ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. पिवळ्या दिव्याचं चित्र जोडून तिन्ही याद्यांना निरोप गेला. दुपारपर्यंत फोन टुणटुणत राहिला. 'येते ताई', 'माझी जागा ठेवा', 'सहाच्या आत पोचतो'. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. यशोधरेच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

साडेपाचच्या सुमाराला गर्दीतून वाट काढत बनुबाई आली. ती कोल्हारची, माहेर भिंगारचं, म्हणून लग्नापासून सोनं इथलंच. साठीची बाई, पण चालणं असं की रस्त्यानं बाजूला व्हावं. आज मात्र तिचा श्वास पुरत नव्हता. पदराला सोयाबीनचं भुसकट चिकटलेलं, आणि कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून भुवईपर्यंत आलेलं.

"पोरी, झाले का गं सा?"

"मावशी, बसा आधी. पाणी घ्या."

"बसायला येळ न्हाई. येष्टी राहुरीत अर्धा तास थांबली. नगरात तारकपूरच्या स्टँडला उतरले तर रिक्षावाला म्हनतो, शीटं भरू द्या. म्हनलं, बाबा, चाल, माझी जागा जाईल." तिनं पाण्याचा घोट घेतला. "जावयाचा पैला दिवाळसन हाय. अंगठी घ्यायचीय. तू येवढ्या आठवनीनं लिवलंस, म्हनलं, पोरीचा सबूद मोडायचा न्हाई."

"एवढी धावपळ..."

"मळनीचं मशीन आलं हुतं की गं आज. चार दिवस वाट बघितली, आज आमचा नंबर हुता. निम्मं झालं न् तुजा निरोप सुनेनं वाचून दाखवला. मंग मालकानला म्हनलं, मशीन जाऊ द्या फुडच्या वावरात. बाया पन लावून दिल्या घरी."

यशोधरेचा हात अंगठ्यांच्या ट्रेवर तसाच राहिला.

शेजारी लष्करी डेपोत नोकरी करणाऱ्याची बायको झुमके बघत होती. ती हसून म्हणाली, "अहो मावशी, तुम्हाला पण जागा राखून ठेवली का? मला पण ठेवलीय. आमच्या क्वार्टरमधल्या सगळ्याच बायकांना ठेवलीय!" आणि तिनं फोन काढून दाखवला. तेच शब्द. तीच 'आपली यशोधराताई'.

बनुबाईनं फोनकडं पाहिलं. वाचता येत नव्हतं तिला, पण सुनेच्या फोनवर सकाळी बघितलेलं पिवळ्या दिव्याचं चित्र तिनं ओळखलं.

तेवढ्यात गल्ल्यावरून करणशेठ मोकळेपणानं बोलून गेला, "बनुमावशी, निवांत बघा. घाई काय? पाडव्यापर्यंत हाय सूट."

कुणीतरी कानशिलात द्यावी आणि आवाज फक्त आपल्यालाच यावा, तसं यशोधरेला झालं. बनुबाई चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. तिनं पदराचं भुसकट एकेक करून वेचलं आणि मुठीत धरलं. दुकानाच्या फरशीवर टाकलं नाही.

"पाडव्यापतूर हाय व्हय?" एवढंच म्हणाली.

"मावशी, मी..."

"दाव अंगठ्या. आलेच हाय तर बघते."

तिनं एक निवडली. माप विचारलं तर तिनं पिशवी चाचपली. जावयाची जुनी अंगठी मापाला आणायची म्हणून तिनं लेकीकडून मागवून ठेवली होती, डब्यात. घाईत डबा राहिला घरी. म्हणजे आजचा फेरा अर्धाच. अंगठी बाजूला काढून ठेवायची, आगाऊ रक्कम द्यायची, आणि माप घेऊन परत यायचं. यशोधरा पावती लिहीत होती. तिच्या मोत्याच्या दाण्यासारख्या अक्षराकडं तिलाच बघवेना.

"सातची गाडी मिळंल?" बनुबाईनं दारातून विचारलं.

"मिळेल. मी सोडू का स्टँडपर्यंत?"

"नगं. तुजं गिऱ्हाईक हाय." आणि ती गेली.

त्या रात्री यशोधरेला जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाली, गर्दी होती. सांगणार काय? चोरी केली नाही, वजनात मारलं नाही. एका बाईचं मळणीचं मशीन परतवलं, तेही दोन ओळींनी आणि स्वतःचं नाव घालून.

गुरुवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ती करणशेठपुढं उभी राहिली.

"दुसरा निरोप पाठवायचाय. कालचं खरं नव्हतं असं लिहायचंय."

"ताई, डोकं फिरलं का? आपल्याच हातानं आपल्या तोंडाला काळं? अहो, ही पद्धत हाय. सगळे करतात."

"सगळ्यांच्या निरोपाखाली माझं नाव नसतं."

"मग नाव काढा खालचं!"

"आता कसं काढणार? काल घातलंय ते."

करणशेठनं गल्ल्याची किल्ली फिरवली. थोरल्या शेठच्या वेळेपासूनची बाई, हिला ओरडावं तर कसं. "अन् घाई लावली न्हाई तर गिऱ्हाईक येणार कसं, ते पण सांगा."

"खरी घाई आहे की एक. कारागीर उद्या दुपारनंतर गावी चाललेत, पश्चिम बंगालला. मग अंगठी मापाला कोण करणार? ते लिहायचं राहिलंच होतं."

त्यानं डोकं खाजवलं. हे त्याच्या ध्यानात नव्हतं. "लिवा," म्हणाला, "पण लोक हसतील हां."

तिनं लिहिलं, चार वेळा खोडून:

'नमस्कार. काल मी "आज सहा वाजेपर्यंतच" असं लिहिलं, ते बरोबर नव्हतं. घडणावळीवरची पंचवीस टक्के सूट पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सारखी आहे. कुणाची वेगळी जागा राखलेली नाही. काल कामं टाकून धावत आलेल्यांची मी माफी मागते. खरी मुदत एकच: अंगठी किंवा बांगडी मापाला करून हवी असेल तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवा, कारण नंतर कारागीर सुटीवर जातात. त्यासाठी दुकानात येण्याची गरज नाही, जुनी अंगठी मोजपट्टीवर ठेवून फोटो पाठवला तरी चालेल. सोन्याचा भाव त्या त्या दिवसाचा राहील. सकाळी दहा ते बारा गर्दी कमी असते. यशोधरा साळवे.'

पाठवलं, आणि फोन उलटा ठेवला. थोड्या वेळानं तो टुणटुणला. कुणी अंगठा पाठवला, कुणी 'धन्यवाद'. भिंगारच्याच एकानं लिहिलं, 'मग काल पळवलं कशाला ताई? मी हाफ डे टाकला.' तिनं उत्तर दिलं, 'चूक झाली.'

पण तिचा जीव एका नावात अडकला होता. निरोपावर बोट दाबून धरलं की कुणाला पोचला, कुणी वाचला ते दिसतं. गावाकडच्या यादीत तिनं बोटानं खाली खाली सरकवत पाहिलं. बनुबाई कोल्हार कुठंच नव्हती; त्या नावावर नंबर सुनेच्या फोनचाच होता. दुपारी पाहिलं, तरी नाही. फोन बंद असेल म्हणून मन समजावलं. पण तिला ठाऊक होतं. ज्याच्या फोनमधून दुकानाचा नंबर जातो, त्याला यादीचा निरोप पोचत नाही.

शुक्रवारी सकाळी नऊलाच तिनं फोन लावला. बारा वाजायच्या आत माप पाहिजे होतं, हे निमित्त.

"कोन बोलतंय?" बनुबाईचा आवाज.

बनुबाईनं तिला असं कधीच विचारलं नव्हतं. सून नाव वाचून फोन हातात द्यायची, की लगेच 'बोल यशोधरे' असायचं.

"मावशी, मी. दुकानातली."

"हां."

"मावशी, तो निरोप मीच लिहिला होता. शेठनं नाही सांगितलं तसं. चारशे लोकांना गेला. तुमच्यासाठी म्हणून काही ठेवलेलं नव्हतं."

पलीकडं कुणीतरी बादली खाली ठेवली. मग बनुबाई म्हणाली, "मी सुनंला म्हनलं हुतं, बग, दुकानातली असून आठवनीनं बोलावती. गावात दोघीतिघींना पन सांगितलं." बादलीची कडी वाजली. "मंग सुनच म्हनली, काढू का नंबर. म्हनलं, काढ."

"मशीन परत आलं का?"

"रविवारी देतो म्हनलाय."

"मावशी, अंगठीचं माप आज बारापर्यंत पाहिजे. सुनेला सांगा, जुनी अंगठी मोजपट्टीवर ठेवून फोटो पाठवायला. मी उभं राहून करून घेते. आणि दिवाळीच्या आधी मी स्वतः आणून देते कोल्हारला."

"तू कशाला? तुजी गर्दीची येळ." आवाजात राग नव्हता, आणि तेच यशोधरेला सोसेना. "भाचा येतोय उद्या भिंगारहून. त्याच्यापाशी दी. पावती हाय माझ्यापाशी, फोटू धाडते तिचा पन."

"बरं."

"ठिवू?"

नंबर परत जपून ठेवा, असं म्हणायला यशोधरेची जीभ रेटली नाही. "ठेवा," म्हणाली.

पावणेदहाला अनोळखीसारखे दोन फोटो आले, खाली एक अक्षर नाही. तिनं अंगठीचं माप दोनदा मोजलं, कारागिराला दिलं आणि तो करेपर्यंत त्याच्या पाटाशेजारी उभी राहिली. मग काउंटरला येऊन गावाकडची यादी उघडली. संध्याकाळी धनत्रयोदशीच्या दिवशीच्या दुकानाच्या वेळेचा निरोप जायचा होता. बनुबाई कोल्हार या नावावर तिनं बोट ठेवलं आणि ते आपल्याच हातानं यादीतून काढलं.