बारा बायांच्या एकशे वीस बाया

आमच्या कृषी कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो. म्हणजे काय, तर पोरं-पोरी दोन-तीन वर्षं शेतात घाम गाळून आकडे आणतात आणि शेवटच्या महिन्यात माझ्या टेबलावर ठेवून म्हणतात, "सर, एवढं सिग्निफिकंट करून द्या." म्हणजे फरक योगायोगाचा नाही हे सिद्ध करून. जणू मी पिठाची गिरणी चालवतो. या लोकांना मी मनातल्या मनात इतका तुच्छ लेखत आलो, की ते मला चांगलंही वाटू लागलं. त्या चांगलं वाटण्याची किंमत एका विद्यार्थिनीनं मोजली, म्हणून हे लिहितो आहे.

ती ताडकळसच्या बाजूची. वडील शाळामास्तर. शेतीअवजारांच्या विभागात एम.टेक. करत होती आणि विषय होता कापूस वेचणीची पिशवी. आपल्याकडे बाया कमरेला ओटी बांधून वेचतात. ओटी भरत जाते तसा सगळा भार कमरेवर येतो. विभागानं खांद्यावरून अडकवायची पिशवी तयार केली होती. तिनं बाईचा थकवा कमी होतो का आणि कापूस जास्त वेचला जातो का, एवढंच बघायचं होतं.

आकडे आणायच्या आधी माझ्याकडे आलेली ही पहिलीच विद्यार्थिनी. पिंगळीजवळच्या एका शेतात बारा बाया ठरल्या होत्या. मी म्हटलं, प्रत्येकीला दोन्ही वापरायला दे. सहाजणींना पहिल्या दिवशी ओटी, दुसऱ्या दिवशी पिशवी. उरलेल्या सहाजणींना उलट. म्हणजे आदल्या दिवसाचा शिणवटा किंवा दुसऱ्या दिवसाचं ऊन एकाच बाजूला झुकणार नाही. दर दिवशी प्रत्येकीच्या छातीला पट्टा बांधून दहा वेळा नाडीचे ठोके टिपायचे आणि दर वेळी वेचलेला कापूस तोलायचा. एक दिवस मीही गेलो होतो. पट्टा बांधताना एक म्हातारी तिला म्हणाली, "बाई, ह्याच्यात नवऱ्याबद्दलचं काई दिसत न्हाई ना?" तोंड वर न करता दुसरी म्हणाली, "तुजं दिसायला उरलंय काय आता."

आकडे आले. तिचे गाईड, विभागाचे प्रमुख, यांनी ते आपल्या नेहमीच्या पद्धतीनं चालवले. ओटीच्या बारा सरासऱ्या एका बाजूला, पिशवीच्या बारा दुसऱ्या बाजूला, दोन वेगळे गट समजून फरक तपासणारी टी-चाचणी. फरक सिद्ध झाला नाही. होणारच नव्हता. त्या बारात साठीची म्हातारी होती आणि नुकतं लग्न झालेली पोरही होती. एकीची नाडी वेचतानाही शंभराच्या खाली, दुसरीची सव्वाशेच्या घरात. बायाबायांतल्या या अंतरापुढे पिशवीनं कमी केलेले चार-पाच ठोके कुठे दिसणार? पण प्रत्येक बाई दोन्ही बाजूंना तीच आहे. तिची तुलना तिच्याशीच करायची, तिचे ओटीचे ठोके वजा तिचे पिशवीचे, की तिचं वय, तिचा अशक्तपणा, सगळं आपोआप बाद होतं. उरतो तो पिशवीचा फरक. दोन वेगळ्या गटांत हे करताच येत नाही, कारण तिथे कुणाची जोडी कुणाशी लावणार?

गाईडसाहेबांनी जोडी लावली नाही. त्यांनी त्यांच्या बुद्धीला शोभेलसा उपाय शोधला. दर बाईचे दहा आकडे आहेत ना, मग सरासरी कशाला, सगळेच घ्या. बारा बायांच्या एकशे वीस झाल्या. चाचणीला वाटलं, इकडे एकशे वीस माणसं आणि तिकडे वेगळी एकशे वीस. ठोक्यांचा फरक सिद्ध झाला, कापसाचाही झाला. साहेबांनी शेतकऱ्यांना वाटायच्या पत्रकाचा मजकूरसुद्धा तयार ठेवला: श्रम कमी, वेचणी जास्त.

मी तिला नीट करून दाखवलं. आधी प्रत्येकीच्या दहा आकड्यांची सरासरी, मग तिचा स्वतःचा फरक, मग त्या बारा फरकांवर चाचणी. ठोके खरंच कमी झाले होते, जवळजवळ सगळ्यांचे. कापसाचं मात्र टिकत नव्हतं. तिघींनी पिशवीत बराच जास्त वेचला होता, बाकीच्या कुणी थोडा जास्त तर कुणी कमी. तिघींचे तीस आकडे तीस साक्षीदार म्हणून उभे केले होते, एवढंच.

तिनं ते गाईडना सांगितलं. ते म्हणाले, "ठोक्याचं उत्तर दोनी रीतीनं तेच आलं ना? मग ही रीत चुकीची कशी? कशाला एवढा कुटाणा करायलाय?" उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर! पदवी, पगार, केबिन आणि हे डोकं.

मग विभागाचा सेमिनार झाला. मला बोलायचं कारण नव्हतं. तिनं आदल्या दिवशी विनवलं होतं की सर, मी त्यांना हळूहळू समजावते, तुम्ही काही म्हणू नका. पण साहेब एकशे वीसचा तक्ता दाखवून मान हलवू लागले आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उठून म्हणालो, "साहेब, मग एकाच बाईची नाडी हजार वेळा मोजा. सगळा मराठवाडा तिच्यातच उरकंल."

सभागृह हसलं. मीही हसलो. साहेबांनी तक्ता बंद केला आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं की हाच तक्ता राहील, नाहीतर प्रबंधावर सही नाही.

ती माझ्या खोलीत आली ती उभीच राहिली. "सर, तुमी लोकांना हसवलं. माजी सही अडकली."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, ते नंतर. मला त्यांना आकड्यात काही दाखवता येत नाही, आकडा म्हटला की त्यांना तुम्ही आठवता. मग तिनंच मार्ग काढला. एका कागदावर बारा रेघा ओढल्या, प्रत्येक बाईची एक, ओटीपासून पिशवीपर्यंत. ठोक्यांच्या रेघा बहुतेक सगळ्या खाली उतरत होत्या. दुसऱ्या कागदावर कापसाच्या. त्या एकमेकींना कापत वाटेल तिकडे गेल्या होत्या, तीन तेवढ्या उंच.

महिनाभर साहेबांनी तिला वेळ दिला नाही. अखेर दिला, तेव्हा कापसाचा कागद बराच वेळ बघत त्यांनी विचारलं, "ह्या तिघी कोण?" ती म्हणाली, तरण्या आहेत, हात चपळ आहे. "मग तसं लिव, तरण्या बायांचा कापूस वाढतो." तिनं सांगितलं, आकडे बघून निवडलेल्या तिघी आहेत सर, हा पुढच्या प्रयोगाचा प्रश्न झाला, उत्तर नाही. हे मी शिकवलेलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर मला आठवत नाही.

त्यांनी सही केली. कापसाचा दावा प्रबंधातून गेला, पत्रकातूनही. एकच अट घातली: आभाराच्या पानावर माझं नाव नको.

ती विचारायला आली. मी म्हटलं, काढून टाक. ती दारापर्यंत जाऊन वळली.

"राग आला का सर?"

"नाही."

"आला तरी चालंल," ती म्हणाली. "तुमच्या त्या एका वाक्यानं महिना गेला माजा."