जाऊबाईंच्या उरलेल्या गोळ्या

जुन्या जालन्यात खाली आमचं किराणा दुकान आणि वर बिऱ्हाड. महाराष्ट्राचं नवं राज्य झालं त्याच उन्हाळ्यात पुतणीचं, थोरल्या जाऊबाईंच्या लेकीचं, लग्न निघालं, आणि मुहूर्त आला नेमका जाऊबाईंच्या पाळीच्या तारखेवर. माझ्या मनात लाडू फुटले, खोटं कशाला बोलू! सासूबाई म्हणाल्या होत्या, "थोरलीला अडचण आली तर कन्यादानाला धाकटीनं बसावं." धाकटी म्हणजे मी. लग्नाला दहा वर्षं झालेली, कूस रिकामी. मला कन्यादान दुसरं कुठून घडणार होतं? मनातल्या मनात शालू नेसून मी कितीदा पाटावर बसून आले होते.

तेवढ्यात कुणीतरी जाऊबाईंचे कान भरले, की नव्या डॉक्टरीणबाई पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या देतात म्हणून. झालं! सोबतीला मलाच नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी खोदून विचारलं. दिवस गेल्याची शंका हाय का, कधी कावीळ झाल्ती का, पायात रक्ताची गाठ धरल्ती का. जाऊबाई दरवेळी न्हाई म्हणाल्या. मंग बाईंनी समजावलं, "अंगात एक द्रव्य असतं, ते उतरलं की पाळी येते. ही गोळी त्याच्यासारखंच काम करते, म्हणून पिशवीच्या आतलं अस्तर जागेवर राहतं. तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करा, दिवसातून तीनदा, चुकवू नका. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येईल. मळमळेल, डोकं धरेल, छाती दुखेल, पोट फुगेल. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"बिलकुल न्हाई देत," जाऊबाई म्हणाल्या.

"नक्की लांबते का हो बाई?" मी विचारलं.

"बहुतेक लांबते. एखादीला मधेच डाग दिसतो."

परतताना माझ्या अंगाची नुसती आग होत होती. एकदा, फक्त एकदा लांबावी म्हणून मी दहा वर्षं देव पाण्यात घालून बसले, तर माझी मेली दर महिन्याला बराबर हजर! आणि हिला तीन लेकरं, वर लांबवायची सोयबी हिलाच. देवानं सगळं काय एकाच ओटीत घालायचं ठरवलं होतं का?

गोळ्या सुरू झाल्या तशी जाऊबाईंना सकाळी उमासे यायला लागले. पापड लाटायला आलेल्या बाया चेष्टा करायच्या, "काय वो, जावयाच्या आधी पाळणा हलवता का काय?" सगळ्या खिदळायच्या. मी लाटणं आपटायची.

लग्नात पाटावर त्याच बसल्या. मी मागं उभी राहून त्यांच्या शालूकडं बघत होते, एखादा तरी डाग दिसावा म्हणून. कसला डाग न् कसलं काय! दृष्ट लागावी असं कन्यादान झालं.

लग्नानंतरचा देवीचा गोंधळ उरकल्यावर त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि तिसऱ्या दिवशी बाहेर बसल्या. उरलेली पुडी माझ्यापुढं टाकली. "घे गं, महालक्ष्म्यांना कामी येतील. मला न्हाई सोसत." डॉक्टरीणबाईंना दिलेला शब्द दवाखान्यातच राहिला.

मी काही महालक्ष्म्यांची वाट बघितली न्हाई. पुढच्याच महिन्यात, माझ्या तारखेच्या आधी, गुपचूप सुरू केल्या. मलाबी मळमळलं, छाती जड झाली, आणि तारीख निघून गेली. जन्मात पहिल्यांदा! गोळीचा गुण हाय, हे मला पक्कं माहीत होतं. तरी पोटावर हात जायचाच.

सासूबाईंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी माझ्या हातातली भरलेली कळशी काढून घेतली. "राहू दे," म्हणाल्या. जेवताना माझ्या ताटात कैरीची जादा फोड आली. त्याच वेळी खरं सांगायला पाहिजे होतं. पण मी ती फोड गुमान खाल्ली. असं कुणी माझ्याकडं कधी बघितलंच नव्हतं.

पुडी संपली. मंग दोन दिवसांनी मी कोपऱ्यात घोंगडीवर जाऊन बसले. सासूबाईंनी लांबूनच बघितलं आणि तोंड फिरवून त्या देवघरात गेल्या.

जेवण घेऊन जाऊबाई आल्या. ताट अंतरावरून सरकवलं आणि हळूच म्हणाल्या, "गोळ्या घेतल्या होत्यास ना गं? ना सण, ना लग्न. मंग कशासाठी?"

"लांबल्यावर कसं वाटतं ते बघायचं होतं," मी म्हणाले.

त्या ताटाजवळच मटकन बसल्या आणि डोळ्याला पदर लावून हुंदके द्यायला लागल्या. माझे डोळे कोरडे ठाक. मेलं रडायलाबी त्यांनाच आधी आलं!